चाळीस टक्क्यांवर बंद पडणारा फोन : इंदूरहून गुलमर्गला निघताना

गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवट डोंगरावर पोचलात. जॅकेटच्या बाहेरच्या खिशातून फोन काढला, बॅटरी ४२ टक्के. पहिला फोटो निघाला, दुसऱ्याला स्क्रीन काळी. बटण दाबून धरलं तर रिकाम्या बॅटरीचं चित्र. तोच फोन खाली हॉटेलात, चार्जर न लावताच सुरू होतो आणि ३८ टक्के दाखवतो. बिघाड कुठेही नाही, चार्जही कुठे उडून गेलेला नाही. तो आतच होता, फक्त बाहेर येत नव्हता.

खोबरेल तेलाची बाटली आठवा. इंदुरात डिसेंबर लागला की तेल बाटलीत गोठतं. बाटली भरलेली दिसते, पण उलटी धरली तरी थेंब पडत नाही, आणि उन्हात ठेवली की पुन्हा वाहायला लागते. फोनच्या बॅटरीतलं द्रावण काही तेलासारखं गोठत नाही, पण त्यातून ये-जा करणारे लिथियमचे आयन गारठ्यात मंदावतात. टक्केवारी दाखवणारा आकडा बाटलीत तेल किती आहे ते सांगतो. ते आत्ता वाहील का, हे तो नीट सांगत नाही.

आकड्यांत एकदा बघून घेऊ

आयन मंदावतात याचा अर्थ बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जितका करंट ओढाल, तितकं व्होल्टेज त्या रोधात खाली बसतं. बरेचसे फोन व्होल्टेज साधारण ३.२ ते ३.३च्या खाली गेलं की स्वतःला बंद करून घेतात, नाहीतर बॅटरी आणि डेटा दोन्हींना धोका. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्येक फोनचे वेगळे असतील.

समजा ४२ टक्क्यांवर बॅटरीचं व्होल्टेज ३.७५ आहे. इंदूरच्या घरात रोध ०.१२ ओहम. कॅमेरा, पूर्ण ब्राइटनेस आणि नेटवर्क मिळून क्षणभर २ अँपिअर ओढले, तर ०.२४ व्होल्ट बसतील आणि ३.५१ उरतील. फोनला पत्ताही लागणार नाही. आता हीच बॅटरी उणे १० अंशांपर्यंत गारठली आणि रोध ०.४ ओहम झाला. तेच २ अँपिअर ओढले की ०.८ व्होल्ट बसले, उरले २.९५. फोन बंद.

हाच हिशोब थोडा हलवून बघा, म्हणजे उपायही त्यातच सापडतात. तीच गारठलेली बॅटरी ९० टक्क्यांवर असती तर सुरुवात ४.१५पासून झाली असती आणि ३.३५ उरले असते, फोन चालू राहिला असता. ४२ टक्क्यांवरच, पण १ अँपिअरच ओढला असता, तरी ३.३५ उरले असते. आणि बॅटरी आतल्या खिशात ऊबदार राहिली असती तर रोध वाढलाच नसता. म्हणजे भरलेली ठेवा, कमी ओढा, ऊब द्या. यातलं तिसरं सगळ्यात मोठं, कारण ते मुळावरच घाव घालतं.

जुन्या बॅटरीचा रोध आधीच वाढलेला असतो, म्हणून तीन वर्षं वापरलेला फोन सर्वांत आधी मान टाकतो. २०१७ साली ॲपलनं जुन्या आयफोनांचा वेग मुद्दाम कमी केल्याचं मान्य केलं, तेव्हा दिलेलं कारण हेच होतं : थंडी, कमी चार्ज आणि जुनी बॅटरी एकत्र आली की फोन अचानक बंद पडतो, म्हणून करंटची उसळी दाबली. ग्राहक चिडले ते न सांगता केलं म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण त्यामागचं विज्ञान खोटं नव्हतं.

निघण्याच्या दोन आठवडे आधी

आधी बॅटरीची तब्येत बघा. आयफोनवर `Settings → Battery → Battery Health` मध्ये टक्के दिसतात. ८०च्या खाली असतील तर बॅटरी इंदुरातच बदलून घ्या, हिमालयात जाऊन त्या फोनची परीक्षा घेऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत हा आकडा सहज सापडत नाही. त्यांच्यासाठी घरची चाचणी अशी : फोन ३० टक्क्यांवर येऊ द्या, ब्राइटनेस पूर्ण करा आणि टॉर्च लावून पाच मिनिटं व्हिडिओ काढा. टक्के एकेक करून खाली आले तर ठीक. तिसावरून एकदम बाविसावर उडी मारली किंवा फोन बंदच पडला, तर रोध वाढलेला आहे. इंदूरच्या वीस अंशांत जो असा उडी मारतो, तो उणे दहात टिकणार नाही.

दोन आठवडे आधी म्हणण्याचं कारण साधं आहे. जेल रोडवर बॅटरी तासाभरात बसवून मिळेल, पण नवी बॅटरी फुगते का, टक्के नीट दाखवते का, हे कळायला थोडे दिवस लागतात. आणि फोन उघडला गेला की कडेचा चिकट सील पहिल्यासारखा राहत नाही. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या फोनचा तो गुण आता संपला असं धरून चाला, बर्फात बसवू नका.

मग स्क्रीन कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण एलसीडी आणि अॅमोलेड थंडीत अगदी वेगळ्या वागतात. खोक्यावर लिहिलेलं असतं. खोकं रद्दीत गेलं असेल तर अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र फुल स्क्रीनवर उघडा. काळ्या भागातूनही राखाडी उजेड झिरपत असेल तर एलसीडी. स्क्रीन अंधारात विरघळून गेली तर अॅमोलेड.

आता पॉवर बँक. १०,००० एमएएचची आहे म्हणून ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल, असं होत नाही. पॉवर बँकेतल्या सेलचं व्होल्टेज ३.७, ते वाढवून ५ केलं जातं, फोन ते पुन्हा उतरवतो, आणि दोन्हीकडे थोडं उष्णतेत जातं. लेबलवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, ती साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे इंदुरात सव्वा वेळा, बर्फात एकदा, एवढंच धरा. चौघांसाठी २०,०००ची एक घ्यावी. विमानानं जाणाऱ्यांसाठी हिशोब : २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, त्यामुळे चालते, पण फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सुटकेसमध्ये टाकली तर बॅग उघडायला लावतात.

आणि एक काम घरातल्या शिवणयंत्रावर करून घ्या. थर्मलवर घालायच्या बनियनला किंवा सदऱ्याला आतून चोरखिसा, छातीच्या डाव्या बाजूला, फोनपेक्षा दोन बोटं रुंद, वर चेन किंवा वेलक्रो. बाजारातल्या कुठल्याही 'थर्मल पाऊच'पेक्षा हा स्वस्त आणि जास्त कामाचा. लोकरीचा मोजा किंवा पाऊच स्वतः ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब टिकवतो, एवढंच. गार फोन मोज्यात घातला तर मोजा त्याची गारठणच जपून ठेवेल. ऊब देणारी गोष्ट या सगळ्या सामानात एकच आहे, तुमचं अंग.

वाटेत

मालवा एक्सप्रेसनं कटऱ्यापर्यंत आणि तिथून जून २०२५मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतनं श्रीनगर, असं जाणारे असोत की दिल्लीमार्गे विमानानं जाणारे, एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. याचा बॅटरीशी संबंध असा की न चालणारं सिम गप्प बसत नाही. ते टॉवर शोधत राहतं, आणि त्या शोधात बॅटरी खर्च होत राहते. दोन सिमच्या फोनात प्रीपेड सिम `Settings`मधून बंद करा. एकच प्रीपेड सिम असेल तर सरळ एअरप्लेन मोड, आणि हॉटेलात वायफाय वेगळं चालू करा. हे न केल्यामुळे गुलमर्गला पोचेपर्यंतच फोन बराच उतरलेला असू शकतो, आणि दोष थंडीला दिला जातो.

गुलमर्गचा एक दिवस, तासातासानं

समजा जानेवारीतला दिवस आहे आणि चौघांचं कुटुंब. बाबांचा फोन तीन वर्षं जुना, एलसीडी. मुलीचा नवा, अॅमोलेड. आईचा मधला. आजोबांकडे बटणांचा साधा फोन. एक पॉवर बँक, २०,०००ची.

सकाळी सात वाजता श्रीनगरहून निघताना तिन्ही स्मार्टफोन १०० टक्के असले पाहिजेत. एरवी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सवय चांगली, पण आज ती मर्यादा काढून टाका, कारण वरचा प्रत्येक टक्का व्होल्टेजची उंची देतो. गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. गाडीत हीटर चालू असतो, तेव्हा फोन खिशातच राहू द्या. डॅशबोर्डच्या स्टँडवर लावून काचेजवळ ठेवला की एका बाजूनं हीटरचा झोत आणि दुसऱ्या बाजूनं गार काच, असे हाल होतात. वाटेतल्या टंगमर्गला बर्फ असेल तर चाकांना साखळी लावलेल्या गाडीत बदलावं लागतं आणि अर्धा तास उघड्यावर जातो. इथेच पहिली चूक होते. सगळे फोन बाहेर काढून नेटवर्क बघत उभे राहतात.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढलेली असतात आणि फोनमध्ये असतात, म्हणून त्यांची कागदी प्रत दोन जणांच्या खिशात असू द्या. रांग लांब असते, आणि फाटकाशी पोचल्यावर बंद फोन दाखवून काही उपयोग नाही.

पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटर. दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरच्या वर. हवामानाचं ॲप सांगेल, तापमान उणे ११, 'फील्स लाइक' उणे १९. यातला दुसरा आकडा तुमच्या कातडीसाठी आहे. फोन कितीही वाऱ्यात धरला तरी उणे ११च्या खाली जाणार नाही. पण तिथपर्यंत तो फार लवकर पोचेल, कारण वारा त्याच्याभोवतीची ऊब सारखी पळवत असतो. दोनशे ग्रॅमची चपटी वस्तू, मागे काच किंवा धातू. खिशात मनगटाएवढी ऊबदार असलेली ती दहा-पंधरा मिनिटांत हाताला बोचायला लागते.

म्हणून वर फोटो काढण्याची रीत अशी ठेवा. मुलीचा फोन फोटोंचा, बाबांचा राखीव, चोरखिशात आणि बंद. पूर्ण बंद, नुसता लॉक नाही. आईचा संपर्कासाठी, तोही आतच. मुलगी फोन काढेल, दोन-तीन मिनिटांत फोटो उरकेल, लगेच चोरखिशात परत. पाच मिनिटं आत, मग पुन्हा बाहेर. सलग वीस मिनिटं व्हिडिओ काढण्यापेक्षा अशा फेऱ्यांमध्ये जास्त फोटो मिळतात.

करंटची उसळी कमी करायला तीन गोष्टी कोंगदूरीलाच करून टाका. पॉवर सेव्हिंग मोड लावा, कारण तो प्रोसेसरची उडी दाबतो, आणि वरच्या हिशोबात २ अँपिअरचा १ होतो तो याच मार्गानं. फ्लॅश बंद ठेवा. आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा. बर्फावरच्या उन्हात सेन्सर भांबावतो आणि स्क्रीनला सतत कमाल उजेडावर नेतो, जी फोनमधली मोठी खर्चिक गोष्ट आहे. हातानं साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि फोटो बघायचा झाला तर उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत बघा.

त्या दिवशी दुपारी एक वाजता मुलीचा फोन ५५ टक्क्यांवर येऊन बंद पडला, असं धरू. पॉवर बँक बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती, तीही गारठलेली. आता काय करायचं?

लगेच केबल लावायची नाही. लिथियम बॅटरीचे दोन वेगळे नियम असतात आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. सेल बनवणारे साधारणपणे वापरासाठी उणे २० ते ६० अंश अशी कक्षा देतात, पण चार्जिंगसाठी ० ते ४५. म्हणजे गार पॉवर बँक वीज देऊ शकते, रडतखडत का होईना. गार फोननं ती घेणं मात्र वाईट. शून्याखाली चार्ज केलं की आयन बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरण्याइतके चपळ नसतात, ते वरच धातू होऊन साचतात. तो साचलेला लिथियम बहुतेक परत येत नाही, तेवढी क्षमता कायमची गेली, आणि त्याचे काटे वाढले तर आत शॉर्ट होण्याची भीती.

चांगले फोन यापासून स्वतःला वाचवतात. आयफोन `Charging On Hold` असं दाखवतो, अँड्रॉइडवर तापमान कमी असल्यानं चार्जिंग थांबवल्याचा संदेश येतो. ती तक्रार नाही, उपकार आहे. लोक केबल बदलून बघतात, चार्जर बदलतात, दुकानदाराला शिव्या घालतात. तसं करायची गरज नाही. ज्यांच्यात ही राखण नसते ती म्हणजे स्वस्त टॉर्च, मुलांची रिमोटची गाडी आणि काही स्वस्त पॉवर बँका. त्या गार असताना भरू नका.

तर मुलीनं करायचं ते असं. फोन पुसून चोरखिशात. पॉवर बँक बाबांच्या आतल्या खिशात. वीस ते तीस मिनिटं थांबा, तोवर खाली उतरायला लागा. मग फोन सुरू करा. साधारण पन्नासच्या आसपास टक्के दिसतील. चार्ज करायचाच असेल तर फोन आणि पॉवर बँक दोन्ही एकाच आतल्या खिशात, वीतभर लांबीच्या केबलनं जोडून. लांब केबल जॅकेटमधून बाहेर डोकावते आणि कनेक्टरमध्ये बर्फ जातो.

फोन गरम करायच्या बाकीच्या युक्त्यांपासून दूर राहा. कांगडी, म्हणजे काश्मिरी हातशेगडी, समोर असते, चहावाला प्रेमानं जवळ ओढतो, आणि फोन तिच्या कडेवर ठेवायचा मोह होतो. निखाऱ्यांची ऊब फोनच्या एका टोकाला साठ-सत्तर अंश करून टाकेल, दुसरं टोक गारच. हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात, त्याही फोनला थेट चिकटवू नका, रुमालाची घडी मध्ये असू द्या. गाडीच्या हीटरच्या झडपेसमोर फोन धरणं, हॉटेलातल्या इलेक्ट्रिक ब्लँकेटखाली तो चार्जिंगला लावणं, हमामच्या, म्हणजे खालून तापवलेल्या खोलीच्या, दगडी फरशीवर ठेवणं, हे त्याच घरातले प्रकार.

आणि हो, आजोबांचा बटणांचा फोन दिवसभर चालतो. छोटी स्क्रीन, करंट नावालाच. रोध वाढला तरी व्होल्टेज फार बसत नाही. गट एकमेकांपासून चुकला तर उपयोगी पडणारा फोन तोच.

स्क्रीन विचित्र वागली तर

बाबांच्या एलसीडी फोनवर पानं सरकवताना अक्षरांच्या मागे शेपट्या दिसतील, जणू ओल्या शाईवर बोट फिरवलं. एलसीडीत द्रवस्फटिकांचे रेणू वळून उजेड अडवतात किंवा सोडतात. थंडीत तो द्रव घट्ट होतो आणि रेणू आळसावतात. उणे १०-१५च्या आसपास शेपट्या, त्याहून खाली चित्र काळपट. हे नुकसान नाही. ऊब मिळाली की स्क्रीन पूर्ववत होते. घाबरून बोटानं दाबणं मात्र टाळा, दाबामुळे डाग पडू शकतो. अॅमोलेडमध्ये हा द्रवच नसल्यामुळे मुलीच्या फोनवर शेपट्या दिसणार नाहीत. तिथे स्क्रीन काळी झाली तर संशय बॅटरीवर.

की चष्म्यावर! बर्फासाठी घेतलेला गॉगल पोलराइज्ड असेल तर फोन उभा धरल्यावर स्क्रीन काळी आणि आडवी केल्यावर लख्ख, किंवा याच्या उलट, असं होतं. गॉगल कपाळावर सरकवून बघण्याआधी फोन दुरुस्तीला टाकायचा विचार करू नका.

टच चालत नसेल तर कारण बहुधा हातमोजा. स्क्रीनला बोटाचा विद्युतभार लागतो आणि लोकर तो पोचू देत नाही. सॅमसंगच्या पुष्कळ फोनांत `Settings → Display → Touch sensitivity` चालू केलं की पातळ मोज्यातून काम भागतं, जाड स्की-मोज्यातून नाही. जाड मोज्याच्या आत बोटांवर वाहक धागा असलेले पातळ मोजे घालणं बरं, म्हणजे फोटोपुरता बाहेरचा मोजा काढला तरी बोट उघडं पडत नाही. बर्फाचे कण वितळून स्क्रीनवर थेंब झाले की फोन आपोआप ॲप उघडत सुटतो, तेव्हा आधी सुती रुमालानं पुसा.

बोटाचा ठसाही दगा देतो, कारण थंडीत कातडी कोरडी आणि आक्रसलेली असते. गॉगल आणि मफलर लावलेला चेहराही फोनला ओळखू येत नाही. पिन पाठ असू द्या, घरातल्या दुसऱ्या एकाला तरी सांगून ठेवा. पैसे मोबाइलनं देण्याच्या भरवशावर राहू नका. घोड्याचे, स्लेजचे, कहव्याचे सुटे पैसे खिशात हवेत.

निव्वळ थंडीनं काच तडकत नाही. काच फुटते ती बधिर बोटांतून निसटून घट्ट बर्फावर पडली म्हणजे. रबरी कव्हर थंडीत कडक आणि निसरडं होतं. मनगटात अडकवायची दोरी लावा, वीस-तीस रुपयांना मिळते.

खोलीत शिरण्याआधी दारातच थांबा

दिवसभर जे नीट सांभाळलं ते बरेचजण संध्याकाळी पाच मिनिटांत घालवतात. बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, पेटलेली खोली, त्यात चौघांचे श्वास, वाळत घातलेले मोजे, चहाची वाफ. हवा ऊबदार आणि दमट. त्यात उणे तापमानातून आलेला फोन टेबलावर ठेवला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा त्यावर दव जमतं. पावसाचं पाणी बाहेरून येतं, हे दव मात्र आत शिरलेल्या हवेतूनही जमू शकतं, कॅमेऱ्याच्या काचेमागे, चार्जिंगच्या खाचेत.

उपाय सोपा आहे पण क्रम चुकवायचा नाही. बाहेर असतानाच फोन चेनच्या प्लास्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चेन लावा. मग आत जा. पिशवी बुखारीपासून दूर, कपाटात किंवा बिछान्याच्या पायथ्याशी ठेवा. दव पिशवीच्या बाहेर जमेल. फोनला तासभर, मोठ्या कॅमेऱ्याला दोन तास द्या. हात लावून फोन खोलीइतकाच वाटला की काढा. दिवसभर चोरखिशात राहिलेल्या फोनला याची गरज पडत नाही, तो गारठलेलाच नसतो.

कॅमेऱ्याच्या काचेत आतून धुकं दिसलं, तर फोन बंद करून उभा ठेवा, सिमचा ट्रे काढून ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यातही नको, तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि पिठूर कण खाचेत जातात. चार्जिंगच्या खाचेत ओल असल्याचा इशारा आला तर त्याकडे दुर्लक्ष करून चार्जर खुपसू नका, ओल्या पिनांमधून वीज गेली की त्या हिरवट होऊन खराब होतात.

चार्जिंग झोपताना, पिशवीतून बाहेर काढून, खोलीच्या तापमानावर आल्यावर. बुखारी रात्री विझते आणि पहाटे खोलीही शून्याजवळ जाते, म्हणून चार्जर झोपेआधीच लावा, पहाटे चारला नाही. ज्या खिडकीच्या कट्ट्यावर प्लग आहे तिथे काच गार असते, तर एक्स्टेंशन घेऊन फोन पलंगाकडे आणा. चार्ज झालेला फोन आणि पॉवर बँक पांघरुणात, पायाशी. मात्र चार्जिंग चालू असताना पांघरुणात नाही.

परत आल्यावर इंदुरात आठवडाभर फोनवर नजर ठेवा. टक्के पहिल्यासारखेच उतरत असतील तर बर्फानं काही बिघडवलं नाही, थंडीतला तात्पुरता तोटा ऊब मिळाली की भरून निघतो. पण चार्ज पूर्वीपेक्षा स्पष्टपणे लवकर संपत असेल, तर कुठेतरी गार असताना चार्जिंग झालेलं असू शकतं. आणि फोन सपाट टेबलावर ठेवून हलवला तर डुलतोय, स्क्रीनची कड उचललीय, मागचं झाकण फुगलंय, असं दिसलं तर तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका. बंद करून, उशी-पांघरुणांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी काढून घ्यायला न्या.